तळही वर येतो

वर जाणाऱ्या आणि जाता जाता आपला वेग वाढवीत असलेल्या लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या इसमाने हातातील चेंडू नुसता सोडून दिला, तर तो लिफ्टच्या तळावर किती वेळाने पडेल, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पाठीस वर्षानुवर्षे लागलेला आहे. आणि आमच्या कोरेगावात शिकवण्या घेणाऱ्या एका गृहस्थांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावून टाकल्यापासून या तालुक्यातील कित्येक मुले चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने लिहू लागली आहेत. चुकीचे उत्तर संकोचाने लिहिणारा मुलगा सुधारतो. आत्मविश्वासाने लिहिणाऱ्याला कोणी सुधारावयाचे? म्हणून हा लेखनप्रपंच.

गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे. चेंडू हातातून सुटला की त्याचा लिफ्टशी असलेला संबंध तुटला; मग त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणाचीच हुकमत उरत नाही; सबब लिफ्ट उभी असो, धावत असो वा वेग वाढवीत असो, तळ गाठावयास लागणारा काळ तोच, म्हणजे √(2h/g). याला त्यांनी तीन पुरवण्या जोडल्या आहेत: g मध्ये लिफ्टचे त्वरण मिळविणारे लोक ‘आभासी बल’ नावाचे खोटे नाणे चालवितात, मिळवावयाचेच तर लिफ्टचा वेगही का मिळवू नये, आणि साताऱ्याच्या एका बहुमजली इमारतीत आपण स्वतः घड्याळ लावून पाहिले असता काळात काडीचाही फरक आढळला नाही.

पहिल्या विधानाचा पूर्वार्ध निखालस खरा आहे, हे मी प्रारंभीच मान्य करतो. हात सुटल्यावर चेंडूवर लिफ्टचे कोणतेही बल लागत नाही आणि त्याचे त्वरण खाली, g एवढेच, राहते. या पूर्वार्धाबद्दल मला त्यांच्याशी भांडावयाचे नाही. उलट, सुटलेला चेंडू लिफ्टचे त्वरणही बरोबर घेऊन जातो, म्हणून g मधून a वजा करा, असे सांगणारा जो दुसरा पंथ आमच्याकडे पूर्वी माजला होता, त्याच्याशी झालेल्या जुन्या वादात आम्ही दोघे एकाच बाजूचे होतो. चेंडू बरोबर नेतो तो सुटण्याच्या क्षणीचा वेग. त्वरण हे त्या त्या क्षणीच्या बलाचे देणे असल्यामुळे बल सरले की तेही सरते. परंतु त्या वादात मिळालेल्या विजयाने आमच्या गृहस्थांची दृष्टी चेंडूवरच खिळून राहिली. प्रश्न चेंडू किती वेगाने पडतो एवढाच नाही. चेंडू आणि तळ यांची गाठ केव्हा पडते, हा आहे. भेटीला दोघे लागतात, आणि त्यांपैकी एकाची हालचाल बारकाईने मोजून दुसऱ्याला जागचा हलू न देणे, हा हिशेब नव्हे.

आकडेच घेऊ. चेंडूची खालची कड तळापासून १.५ मीटर उंचीवर आहे. (ही उंची चेंडूच्या मध्यापासून मोजू नये; तळाला आधी कडच टेकते.) लिफ्टचे त्वरण वरच्या दिशेने १.२ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरण ९.८, आणि चेंडू सोडला त्या क्षणी लिफ्टचा वेग सेकंदाला २ मीटर. इमारतीच्या जिन्यात, म्हणजे जमिनीशी जखडलेल्या जागी, उभे राहून काय दिसते ते पाहा. चेंडू सुटताच खाली जात नाही! त्याच्याजवळ लिफ्टकडून मिळालेला २ मीटरचा वरचा वेग आहे, म्हणून तो सुमारे ०.२ सेकंद वरच चढतो, सुमारे २० सेंटिमीटर उंच जातो, तेथे क्षणमात्र थांबतो आणि मग खाली वळतो. या अवधीत तळ स्वस्थ बसलेला नाही. तोही २ मीटरच्या वेगाने निघाला आहे आणि शिवाय तो वेग वाढवीत आहे. सुटल्यापासून ०.५२ सेकंदाने चेंडू आपल्या सुटण्याच्या जागेपासून फक्त २९ सेंटिमीटर खाली आलेला असतो, आणि तळ तेवढ्याच अवधीत १ मीटर २१ सेंटिमीटर वर चढलेला असतो. दोहोंची बेरीज नेमकी दीड मीटर. भेट झाली. आमच्या गृहस्थांच्या सूत्राप्रमाणे मात्र काळ येतो ०.५५ सेकंद, म्हणजे चेंडूने तळाला टेकल्यावरही, केवळ त्यांच्या सूत्राचा मान राखण्यासाठी, आणखी ०.०३ सेकंद तळाच्या आत शिरत राहावयाचे.

फरक बारीक आहे, असे कोणी म्हणेल. मग बारीक राहणार नाही अशी परिस्थिती घेऊ. समजा, लिफ्टचा दोर तुटला, अडविणारी कुठलीही कळ चालली नाही आणि लिफ्ट g एवढ्याच त्वरणाने खाली जाऊ लागली. गृहस्थांच्या सिद्धांताप्रमाणे, संबंध तुटलेला चेंडू तेव्हाही ०.५५ सेकंदात तळ गाठणार. प्रत्यक्षात चेंडू खाली येतो तेवढाच तळही खाली जातो, अंतर दीड मीटरचे दीड मीटरच राहते, आणि लिफ्ट पडत आहे तोवर चेंडू तळाला शिवत नाही. ज्या सूत्राला वेग वाढवीत चढणारी लिफ्ट आणि दोर तुटून पडणारी लिफ्ट यांत भेदच दिसत नाही, ते सूत्र लिफ्टविषयी काहीही सांगत नाही. ते घराच्या ओसरीवर चेंडू सोडणाऱ्याचे सूत्र आहे, आणि तेथे ते बिनचूक आहे.

हा प्रकार आमच्या तालुक्यात लिफ्टवाचूनही पाहावयास मिळतो, आणि बंद पेटीपेक्षा अधिक स्पष्ट. काळ्या पाषाणात विहीर खोदताना दगड-मुरूम वर काढण्यासाठी काठावर यारी बसवितात, आणि तिच्या दोराला लटकविलेला लोखंडी डोल इंजिनाच्या जोरावर वर येतो. डोलात माणसाने बसू नये हे खरे, तरी बसतात. अशा डोलातल्या माणसाच्या हातून, डोल ओढ घेत असतानाच, छिन्नी निसटली तर त्याला ती सरळ पायाशी पडलेली दिसते. काठावर उभ्या असलेल्या मनुष्याची नजर मात्र विहिरीच्या भिंतीवर असते. भिंतीतल्या एखाद्या पांढऱ्या शिरेशी ताडून पाहिले तर निसटलेली छिन्नी आधी किंचित वर सरकते आणि डोलाचा तळ खालून तिला येऊन भिडतो. डोल वेगात असेल तर छिन्नी जेथे निसटली त्याहून वरच्या जागीही ही भेट होऊ शकते. दोघांनी पाहिलेली घटना एक, काळ एक. वर्णने मात्र दोन. काठावरच्याला खोटा ठरवून डोलातल्याला खरा ठरविण्याची, किंवा याच्या उलट करण्याची, काहीच गरज नाही.

आता पुरवण्या. वेग का मिळवीत नाही? कारण तो दोघांनाही सारखाच मिळालेला आहे आणि वजाबाकीत उडून जातो. वरच्या उदाहरणात २ च्या जागी ० घाला, चेंडू १.३४ मीटर खाली येईल, तळ १६ सेंटिमीटर वर जाईल, आणि काळ तोच ०.५२ सेकंद राहील.

आभासी बलाची गोष्ट अशी की, ज्याला ते नको असेल त्याने जिन्यात उभे राहून वर केला तसा हिशेब करावा. त्यात त्या बलाचा उच्चारही झालेला नाही, आणि उत्तर तेच आले. लिफ्टच्या आत बसून हिशेब करणाऱ्याला मात्र आपण स्वतःच वेग वाढवीत आहोत याची नोंद कोठेतरी करावी लागते, आणि ती नोंद म्हणजे हे बल. सरकारी दप्तरात एकाच रकमेची जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत लिहिलेला असतो, म्हणून एक वही खोटी ठरत नाही.

मंडनास फारसे शब्द लागत नाहीत. चेंडू तळाकडे ज्या त्वरणाने येतो ते दोहोंचे सापेक्ष त्वरण, म्हणजे g + a; प्रारंभी सापेक्ष वेग शून्य; म्हणून h = ½(g + a)t² आणि t = √(2h/(g + a)). वरच्या आकड्यांत ३ भागिले ११, त्याचे वर्गमूळ ०.५२. हीच g + a ची बेरीज लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे राहिल्यास पायाखाली उमटते: ६० किलोचा मनुष्य १.२ च्या त्वरणाने वर जात असताना काटा ६७ किलोंहून थोडे अधिक दाखवितो. आइन्स्टाइन यांनी सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या सापेक्षतेवरील आपल्या पुस्तकात दोराने ओढल्या जाणाऱ्या, रिकाम्या अवकाशातल्या पेटीचे जे उदाहरण घेतले, त्यातील मनुष्यही हातातून वस्तू सोडून तळावर पडताना पाहतो. तेथे g मुळीच नाही, केवळ a आहे, आणि तेवढ्यावर वस्तू तळाशी पोचते. आमच्या गृहस्थांचे सूत्र त्या पेटीत लावले तर काळ अनंत येईल.

राहिले ते साताऱ्याचे घड्याळ. हाताने कळ दाबणाऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवावयासच सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, ०.०३ सेकंदाचा फरक त्याला सापडावयाचा कसा? सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या चलच्चित्रणातही हा फरक जेमतेम एका चित्राचा भरतो. सेकंदाला २४० चित्रे घेतली तर तो सुमारे सात चित्रांचा होतो आणि मोजता येतो. त्यातही चेंडू सोडताना बोटांनी त्याला ढकलू नये, दोन बोटांच्या चिमटीतून तो अलगद सुटावा, नाहीतर सुरुवातीचा सापेक्ष वेग शून्य राहत नाही आणि सारे गणित फसते.

पण खरी अडचण घड्याळाहूनही आधीची आहे. लिफ्टचे त्वरण फार थोडा वेळ टिकते: १.२ च्या त्वरणाने शून्यापासून सेकंदाला २ मीटर वेग गाठावयास १.७ सेकंद पुरतात, आणि व्यवहारातील लिफ्ट तेवढा वेळही एकसारखे त्वरण ठेवीत नाही; प्रवाशाला धक्का बसू नये म्हणून ते हळूहळू वाढविले आणि हळूहळू उतरविले जाते. मग बहुतेक मजले ती एकाच वेगाने चढते, आणि शेवटी वेग कमी करते. चेंडूचा अर्धा सेकंद त्या सुरुवातीच्या तुकड्यात बसला नाही तर a शून्य होते, आणि √(2h/g) हेच उत्तर बरोबर ठरते. थांबण्याच्या बेतातील लिफ्टमध्ये चेंडू सोडला तर काळ उलट वाढेल, कारण तेव्हा वरच्या दिशेचे a ऋण असते. आमच्या गृहस्थांनी चेंडू कोणत्या मजल्याजवळ सोडला, दार बंद होताच की दोन मजले गेल्यावर, हे त्यांनी सांगितलेले नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र ‘वरच्या दिशेने त्वरणित’ हे शब्द स्पष्ट छापलेले असतात, आणि गुण त्या शब्दांना आहेत.