इंग्रजी माहितीपट मराठीत आणताना निवेदक धापा का टाकतो? चार सेकंदांचं गणित समजून घ्या

2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. 2023 पासून यूट्यूबवर एकाच व्हिडिओला अनेक भाषांचे ऑडिओ ट्रॅक जोडण्याची सोय वाढू लागली. त्यामुळे रत्नागिरी तालुक्यातल्या पालीत बसून आसपासच्या सड्यांवरची इंग्रजी फिल्म मराठीतून ऐकणं आता शक्य आहे. पण असे मराठी आवाज अनेकदा घाईघाईत बोलल्यासारखे वाटतात. असं का होतं?

अक्षरं नाही, ठेके मोजा

माहितीपटात चित्र आधीच कापून तयार असतं. इंग्रजी वाक्याला चार सेकंद मिळाले असतील, तर मराठीलाही चारच मिळतात.

नमुन्यादाखल उक्षीच्या हत्तीच्या कातळशिल्पावर एक वाक्य घेऊ: ‘हाय ऑन धिस लॅटराइट प्लॅटो, समवन कार्व्ड अ‍ॅन एलिफंट.’ उच्चाराचे ठेके मोजले तर ते 15 भरतात. संथ निवेदनात त्याला साधारण चार सेकंद लागतात.

आता शब्दशः मराठी: ‘या जांभ्या दगडाच्या उंच पठारावर कोणीतरी एक हत्ती कोरला होता.’ हे झाले 22 ठेके. चार सेकंदांत ते बसवायचे तर निवेदकाला जवळपास दीडपट वेगानं बोलावं लागेल. इथेच धाप ऐकू येते.

मोजताना लिहिलेल्या अक्षरांवर जाऊ नका. ‘कोरला’मध्ये अक्षरं तीन आहेत, पण आपण ‘कोर-ला’ असं दोनच ठेक्यांत म्हणतो. म्हणून डबिंगची संहिता डोळ्यांनी तपासत नाहीत. चित्र चालू ठेवून ती मोठ्यानं वाचतात.

मग वाक्य लहान कसं करायचं?

आधी चित्र काय सांगतंय ते पाहायचं. ड्रोननं पठाराची उंची दाखवली असेल, तर ‘उंच’ वगळता येतं. ‘एक’ आणि ‘होता’ काढले तरी अर्थ बदलत नाही. आणि ‘दगडाच्या पठारावर’ याला कोकणात नेमका शब्द आहे, सडा.

‘जांभ्याच्या या सड्यावर कोणीतरी हत्ती कोरला.’ मोजून पाहा, बरोबर 15 ठेके.

एक अडचण मात्र उरते. कोकणाबाहेरच्या प्रेक्षकाला सडा म्हटलं की अंगणातला सडा-रांगोळीचा सडा आठवेल. पडद्यावर पठार दिसत असेल तर गोंधळ होणार नाही. पण चित्र दुसरंच असेल तर ‘पठार’ शब्द ठेवून दुसरीकडे काटछाट करावी लागेल.

शब्द कधी पडतो, हेही महत्त्वाचं

इंग्रजीत ‘एलिफंट’ शेवटी येतो. त्याच क्षणी कॅमेरा हत्तीवर पोहोचत असेल, तर मराठीतही तो शब्द तिथेच पडायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हत्ती थोडा आधी येतो. आपल्या वाक्यात त्यानंतर फक्त ‘कोरला’ आहे, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. एवढं चालून जातं. पण हत्तीनंतर लांबलचक शेपूट लावलं, तर निवेदक वाक्य संपवेपर्यंत पडद्यावर समुद्र आलेला असतो.

ओठांचा प्रश्न कुठे येतो?

निवेदक दिसत नसतो, त्यामुळे त्याचे ओठ जुळवायचे नसतात. प्रश्न येतो तो कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या अभ्यासकाचा. बऱ्याच माहितीपटांत त्याचा मूळ आवाज सुरुवातीला क्षणभर ऐकू देतात, मग तो हळू करून त्यावर मराठी आवाज चढवतात. त्याचं तोंड हलायचं थांबल्यावर मराठी चालू राहिलं की लगेच खटकतं.

पूर्ण ओठजुळणी करायची असेल तर प, फ, ब, भ, म या अक्षरांकडे लक्ष द्यावं लागतं, कारण ती म्हणताना ओठ मिटतात (इंग्रजी वळणाचा ‘फ’ सोडून). समजा अभ्यासक म्हणाला, ‘वी मेड अ मॅप.’ चार ठेके, शेवटी ओठ बंद. ‘आम्ही नकाशा बनवला’ म्हणजे आठ ठेके आणि शेवटी तोंड उघडं.

‘केलं मोजमाप’ चार ठेक्यांत बसतं आणि ‘प’वर संपतं. पण नकाशा करणं आणि मोजमाप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथापटात हे खपेल, माहितीपटात ती चुकीची माहिती ठरेल. त्यापेक्षा ‘केला हा मॅप’ बरं. ठेके तेवढेच, ओठ मिटलेले, आणि मॅप हा शब्द मराठी माणूस रोज वापरतोच.

चांगलं डबिंग कसं ओळखाल?

पुढच्या वेळी तीन गोष्टी पाहा. निवेदकाला वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते का? ज्या वस्तूचं नाव घेतलं जातं, ती त्याच वेळी पडद्यावर असते का? आणि बोलणाऱ्याचे ओठ थांबले की मराठी आवाजही थांबतो का? एखाद्या ठिकाणी उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथे भाषांतर बहुधा शब्दाला शब्द लावून झालेलं असतं.