सहसंबंध ०.९० आला म्हणून जाहिरात वाढवू नका, आधी चढ बघा



बिझनेस स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. जाहिरातीचा खर्च आणि विक्री यांचे आकडे दिलेले असतात, सहसंबंध गुणांक काढा म्हणतात, रिग्रेशनची रेषा काढा म्हणतात, आणि शेवटी "पुढच्या महिन्याच्या विक्रीचा अंदाज सांगा." मुलं गणित बरोबर सोडवतात. पण उत्तराचा अर्थ लिहायची वेळ आली की बहुतेक जण एकच वाक्य लिहितात: "सहसंबंध जास्त आहे, म्हणून जाहिरात वाढवावी."

पेपरात या वाक्याला एखादा मार्क मिळेलही. धंद्यात मात्र हे वाक्य खिसा कापतं. माझं मत सरळ आहे: खर्चाचा निर्णय सहसंबंधावर घ्यायचाच नसतो. तो चढावर, म्हणजे स्लोपवर घ्यायचा, आणि तो चढही आपल्या मार्जिनशेजारी ठेवून बघायचा. का, ते एका उदाहरणात पाहू.

पाच महिन्यांचा हिशोब

समजा, तुम्ही घरगुती मसाल्यांचा धंदा करता. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, लाल तिखट. जानेवारीपासून मोबाईलवर जाहिराती सुरू केल्या आणि दर महिन्याला खर्च थोडा वाढवत नेला. सगळे आकडे हजार रुपयांत आहेत.

| महिना | जाहिरात | विक्री |
|---|---|---|
| जानेवारी | २ | ६४ |
| फेब्रुवारी | ३ | ७० |
| मार्च | ४ | ७१ |
| एप्रिल | ५ | ७९ |
| मे | ६ | ७६ |

जाहिरातीची सरासरी ४ आणि विक्रीची ७२. आता प्रत्येक महिना आपापल्या सरासरीपासून किती लांब आहे ते काढा. जाहिरातीचे फरक येतात उणे २, उणे १, ०, १, २. विक्रीचे येतात उणे ८, उणे २, उणे १, ७, ४. समोरासमोरच्या जोड्या गुणून बेरीज केली की ३३ मिळतात. जाहिरातीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, आणि विक्रीच्या फरकांच्या वर्गांची १३४. एवढे तीन आकडे पुरतात.

चढ = ३३ भागिले १० = ३.३.
सहसंबंध = ३३ भागिले (१० गुणिले १३४) चं वर्गमूळ = साधारण ०.९०.
रेषा: विक्री = ५८.८ + ३.३ × जाहिरात.

शीटमध्ये करायचं असेल तर अ रकान्यात महिने, दुसऱ्यात जाहिरात आणि तिसऱ्यात विक्री भरा, मग हे टाका:

```
=CORREL(C2:C6, B2:B6)
=SLOPE(C2:C6, B2:B6)
=INTERCEPT(C2:C6, B2:B6)
```

इथे एक जागा सांभाळा. `SLOPE` मध्ये आधी विक्री द्यायची आणि मग जाहिरात. उलट दिलं तर ३.३ ऐवजी ०.२४६ येतं. तेही एक खरं उत्तर आहे, पण वेगळ्या प्रश्नाचं: विक्रीवरून जाहिरातीचा अंदाज. सहसंबंध मात्र कसाही दिला तरी ०.९० च राहतो, त्यामुळे तिथे चूक लक्षात येत नाही. तपासायची खूण सोपी आहे. दोन्ही चढांचा गुणाकार सहसंबंधाच्या वर्गाइतका यायला हवा. ३.३ गुणिले ०.२४६ म्हणजे साधारण ०.८१, आणि ०.९० चा वर्गही ०.८१. जुळलं.

दोन कोएफिशियंट, दोन वेगळे प्रश्न

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पुस्तकात दोघांनाही "कोएफिशियंट" म्हणतात. एक कोरिलेशन कोएफिशियंट, म्हणजे आपला ०.९०. दुसरा रिग्रेशन कोएफिशियंट, म्हणजेच चढ, आपला ३.३. प्रश्नात नुसतं "कोएफिशियंटचा अर्थ सांगा" असेल, तर कोणाचा ते आधी बघा.

०.९० एवढंच सांगतो की पाच ठिपके एका सरळ रेषेच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. त्याला एकक नाही. रुपये नाहीत, किलो नाहीत. विक्री हजारांत मोजा नाहीतर लाखांत, तो बदलत नाही. म्हणूनच तो तुम्हाला पैशाबद्दल काहीही सांगू शकत नाही.

३.३ ला एकक आहे. त्याचं वाचन असं करायचं: "जाहिरातीवर हजार रुपये जास्त खर्च झाले त्या महिन्यांत विक्री सरासरी ३,३०० रुपयांनी जास्त दिसली." पेपरातही असंच, एककासकट पूर्ण वाक्य लिहा.

आणि ही दोघं एकमेकांवर अवलंबून नसतात. ठिपके रेषेला अगदी चिकटलेले असतील, पण रेषाच जवळजवळ आडवी असेल, तर सहसंबंध ०.९९ येईल आणि हजार रुपयांच्या जाहिरातीमागे विक्री मात्र पाचशेनंच वाढेल. सहसंबंध बघून खूश झालेला माणूस तिथे प्रत्येक हजारामागे निम्म्याहून जास्त पैसे घालवतो.

चढ मार्जिनशेजारी ठेवा

आता खरी गोष्ट. ३,३०० रुपये ही विक्री आहे, नफा नाही. मिरची, धने, खोबरं, तेल, दळण, पॅकिंग, कुरिअर हे सगळं वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत तुमच्या हातात २५ रुपये उरतात असं धरू. मग ३,३०० च्या २५ टक्के म्हणजे ८२५ रुपये. जाहिरातीला घातले हजार, परत आले ८२५. दर हजारामागे १७५ रुपये तोटा, आणि तोही ०.९० च्या झक्कास सहसंबंधासकट!

यावरून एक सोपा आकडा निघतो, तो कॅश काउंटरवर लिहून ठेवा: १ भागिले मार्जिन. मार्जिन २५ टक्के असेल तर १ भागिले ०.२५, म्हणजे ४. तुमचा चढ ४ पेक्षा जास्त असेल तरच वाढवलेली जाहिरात त्या महिन्यात स्वतःचा खर्च भरून काढते. मार्जिन ४० टक्के असेल तर अडीचचा चढ पुरतो. म्हणजे हाच ३.३ चा चढ एकाला फायद्याचा आणि दुसऱ्याला तोट्याचा. सहसंबंध दोघांचा सारखाच.

"पण सर, मसाल्याचं गिऱ्हाईक एकदा आलं की पुन्हा येतं ना?" बरोबर. हा हिशोब फक्त त्याच महिन्याच्या विक्रीचा आहे. पुन्हा येणाऱ्यांचा फायदा धरायचा असेल तर जाहिरातीतून आलेले किती जण परत आले याची वेगळी नोंद ठेवा. "येतील" या भरवशावर १७५ चा तोटा झाकू नका.

हा चढ जाहिरातीचा आहे की उन्हाळ्याचा?

तक्ता पुन्हा बघा. जाहिरात जानेवारीपासून मेपर्यंत चढत गेली. त्याच काळात अजून काय चढत गेलं? मसाल्याचा हंगाम! आपल्याकडे वर्षाचं तिखट-मसाला उन्हाळ्यात भरून ठेवतात. एक रुपयाची जाहिरात केली नसती तरी एप्रिलची विक्री जानेवारीपेक्षा जास्तच असती. रेषेला हे कळत नाही. तिला दोनच रकाने दिलेत, त्यामुळे हंगामाची वाढसुद्धा ती जाहिरातीच्या नावावर टाकते. म्हणजे जाहिरातीचा खरा चढ ३.३ पेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त.

ओळखायचं कसं? गेल्या वर्षीचे त्याच महिन्यांचे आकडे असतील तर ते शेजारी मांडा आणि वाढ किती ते बघा. नसतील तर खर्च ओळीने वाढवत नेऊ नका. आठवड्याचा खर्च खालीवर करा, आणि कोणत्या आठवड्यात जास्त, कोणत्या आठवड्यात कमी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग हंगाम आणि जाहिरात हातात हात घालून चालणार नाहीत आणि दोघांचा वाटा वेगळा दिसेल.

अंदाज म्हणजे एक आकडा नव्हे

आता पेपरातला शेवटचा प्रश्न: जाहिरात साडेपाच हजार केली तर विक्री किती? ५८.८ + ३.३ × ५.५ = ७६.९५, म्हणजे ७६,९५०. पेपरात उत्तर इथे संपतं.

धंद्यात विचारायचं: हा अंदाज किती चुकू शकतो? शीटमध्ये `=STEYX(C2:C6, B2:B6)` टाकलं तर साधारण २.९ येतं, म्हणजे ठिपके रेषेपासून ढोबळमानाने २,९०० रुपये वर-खाली आहेत. पण आपल्याकडे पाचच महिने आहेत, त्यामुळे रेषा स्वतःच डळमळीत आहे. तेही धरून ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला तर तो सुमारे ११ हजार वर आणि ११ हजार खाली येतो. साधारण ६६ हजार ते ८८ हजार! चढाचंही तेच. ३.३ हा मधला आकडा. त्याचा पट्टा साधारण ०.४ ते ६.२ असा पसरतो, आणि आपल्याला हवा असलेला ४ त्याच्या आतच आहे. म्हणजे पाच महिन्यांच्या जोरावर "जाहिरात नक्की फायद्याची" हेही म्हणता येत नाही आणि "नक्की तोट्याची" हेही नाही. अशा वेळी बजेट दुप्पट करणं हा जुगार आहे. आहे तेवढाच खर्च ठेवून अजून नोंदी जमवणं हा धंदा आहे.

अजून एक. साडेपाच हजार हा आकडा २ ते ६ च्या आत बसतो, पण महिना असेल जून. हंगाम संपलेला, पाऊस सुरू. रेषेने ७७ हजार सांगितले म्हणून तेवढा मसाला दळून ठेवला आणि गेला नाही, तर दमट हवेत त्याचा वास उतरतो आणि गुठळ्या धरतात. आणि जाहिरात थेट २० हजार केली तर? सूत्र १,२४,८०० सांगेल. पण ६ हजारांच्या पुढचा एकही ठिपका आपण पाहिलेला नाही. तिथे रेषा सरळच जाते की आडवी होते, हे या तक्त्यातून कळूच शकत नाही. तसंच ५८.८ चंही. "जाहिरात शून्य तर विक्री ५८,८००" असं पेपरात लिहा, पण बिनजाहिरातीचा एकही महिना तक्त्यात नाही हे मनात ठेवा.

तर या आठवड्याचा गृहपाठ: आपलं खरं मार्जिन काढा, १ ला त्याने भागा, आणि तो आकडा आपल्या चढाशेजारी लिहा. चढ कमी पडत असेल तर सहसंबंध कितीही देखणा असू दे, जाहिरातीचं बटण दाबायच्या आधी थांबा.