‘साखर नाही’ म्हणणाऱ्या पुड्यात गूळ किती?

वेष्टनावर साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे प्रमाण ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जुलै 2024 मध्ये मंजुरी दिली. मात्र आज ग्राहकाची भिस्त पुड्यामागच्या बारीक मजकुरावरच आहे. कारंजा लाडच्या दुकानातून घरी पाठवलेला लेबलचा फोटोही त्यासाठी पुरतो. पण त्यात घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता दोन्ही हवेत.

समजा, ‘रिफाइंड साखर नाही’ असे लिहिलेल्या बिस्किटांचा फोटो आहे. घटक असे: गव्हाचे पीठ, गूळ, पामतेल, ओट्स, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. म्हणजे पिठाखालोखाल गूळच आहे आणि रक्तातील साखर गूळही वाढवतो. गोडवा दोन-तीन नावांत विभागला, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. माल्टोडेक्स्ट्रिन तर तक्त्यातल्या साखरेत फारसे दिसतही नाही, तरी ते झपाट्याने ग्लुकोज बनते. म्हणून एकूण कर्बोदकेही पाहावीत.

आता तक्ता. ‘प्रति सर्व्हिंग 6 ग्रॅम साखर’ हा आकडा किरकोळ वाटतो. पण सर्व्हिंग 30 ग्रॅमची असेल, तर 100 ग्रॅममागे साखर 20 ग्रॅम होते. नियमानुसार घन पदार्थाला ‘कमी साखर’ म्हणवण्यासाठी ही मर्यादा 5 ग्रॅम आहे.

फोटोत तक्ता कापला गेला असेल किंवा आकडे पुसट असतील, तर अंदाज बांधू नये. दुसरा फोटो मागवावा.