‘तुझी रँक किती?’ या प्रश्नाचा अर्थ

आयआयटी मुंबईने २०२३ साली भेदभावविरोधी सूचना काढल्या. त्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक विचारू नये, असे सांगितले होते. अनेकांना हे हास्यास्पद वाटले. रँक विचारण्यात कसला भेदभाव? पण प्रत्येक शाखेची शेवटची रँक प्रवर्गवार जाहीर होते, आणि कोण कोणत्या शाखेत आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत असते. त्यात रँक कळली की प्रवर्ग कळतो. जात न विचारता जात समजते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू अशा जागेला ‘क्षेत्र’ म्हणतो. प्रत्येक क्षेत्रात एक नाणे चालते. आयआयटीत ते नाणे म्हणजे रँक. प्रवेश संपल्यावर तिचे काम खरे तर संपायला हवे, पण ती माणसाला चिकटून राहते.

बोर्द्यूचा दुसरा शब्द ‘हॅबिटस’. घरात आणि वस्तीत वाढताना अंगात मुरलेली वागण्याची, बोलण्याची, अपेक्षा ठेवण्याची रीत. आमच्या वसतिगृहांतल्या कामात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. तालुक्याच्या शाळेत सरांपुढे गप्प बसणारा मुलगा शहाणा ठरतो. तोच मुलगा मोठ्या संस्थेत येतो. प्राध्यापक सांगतात, अडले तर खोलीवर या. ज्याच्या घरात इंजिनिअर आहेत, तो पहिल्याच आठवड्यात जातो. त्याला ते हक्काचे वाटते. आपल्या मुलाला ते सरांना त्रास देणे वाटते. तो रात्रभर एकटाच पुस्तकाशी झगडतो. सेमिस्टरअखेर ग्रेड घसरते आणि सगळे म्हणतात, पाया कच्चा होता. पाया कच्चा असूही शकतो. पण तो मदत मागायला कधी गेला होता का, हे आधी विचारावे.

अमेरिकेत अँथनी जॅक यांनी ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ (२०१९) या पुस्तकात हाच फरक गरीब विद्यार्थ्यांमध्येच दाखवला. खासगी शाळेत शिकून आलेली गरीब मुले प्राध्यापकांशी सहज बोलत, साध्या सरकारी शाळेतली बिचकत. गरिबी सारखीच, सवय वेगळी. म्हणजे ही सवय शिकवता येते. ‘अडले तर या’ एवढ्यावर न थांबता पहिल्या महिन्यात प्रत्येकाला दहा मिनिटांची वेळ ठरवून बोलावले, तर जाणे हा नियम होतो, धाडस राहत नाही.

बोर्द्यू स्वतः बेआर्न भागातल्या खेड्यातला, पोस्टात नोकरी करणाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिकला, आणि पुढे आपल्या हॅबिटसला दुभंगलेला म्हणाला. सुटीत गावी जाऊन घरच्यांशी काय बोलावे हे न सुचणाऱ्या मुलींना हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र त्याची चौकट इथे एका जागी अपुरी पडते. आपली मुलगी सफाईदार इंग्रजी शिकली, प्राध्यापकांच्या खोलीत बिनधास्त जाऊ लागली, तरी रँकचा प्रश्न येतोच. तिने सवय बदलली म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याची सवय बदलत नाही. बदलायची ती दुसरी सवय वर्गातल्या उरलेल्या मुलांची आहे, आणि तिच्यासाठी अजून कुठे ब्रिज कोर्स निघालेला आमच्या पाहण्यात नाही.