काळा तो कावळाच का?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक सोप्पा प्रश्न. शंभर कावळे पकडून आणले, तर त्यातले काळे किती? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? शंभरच्या शंभर! (कावळ्याची मान थोडी राखाडी असते, पण तेवढं चालवून घेऊ.) बरं, आता प्रश्न उलटा करू. झाडावर काळा पक्षी दिसला, तर तो कावळाच असेल का? छे! तो कोकीळ असेल, कोतवाल असेल. म्हणजे 'कावळ्यांपैकी काळे किती?' आणि 'काळ्यांपैकी कावळे किती?' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

तुम्ही म्हणाल, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. थांबा. कावळ्याच्या बाबतीत कळतं, कारण कोकीळ आपण पाहिलेला असतो. पण आकडे आले, टक्के आले, की भलेभले लोक या दोन प्रश्नांच्या मधल्या घसरगुंडीवरून सुर्रकन खाली येतात. आणि आपण घसरलो हे त्यांना कळतही नाही.

आमच्या शेजारच्या दादाची गोष्ट सांगतो. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती, म्हणून दादा मोठ्या ऐटीत रक्त देऊन आला. पंधरा दिवसांनी फोन आला, "तुमच्या रक्ताच्या तपासणीत एका प्रकारच्या काविळीसाठी पॉझिटिव्ह आलंय. पुढच्या तपासणीसाठी येऊन भेटा." झालं! दादाचं जेवण बंद, बोलणं बंद. काकू देवासमोर बसून. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "काका, मित्राने सांगितलं, ही तपासणी नव्व्याण्णव टक्के बरोबर असते. म्हणजे मला हा आजार असण्याची शक्यता नव्व्याण्णव टक्के."

हीच ती घसरगुंडी! पण दादाला हसू नका, कारण त्याच्यासोबत फार मोठी माणसं घसरलेली आहेत.

सन १९७८. अमेरिकेतल्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. त्यात शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी २०, शिकाऊ डॉक्टर २० आणि चांगले अनुभवी डॉक्टर २०. प्रश्न साधारण असा होता : एक आजार हजारात एकाला होतो. त्याच्या तपासणीत ५ टक्के निरोगी माणसंसुद्धा चुकून पॉझिटिव्ह येतात. आता एक माणूस पॉझिटिव्ह आला. त्याच्याबद्दल बाकी काहीच माहीत नाही. तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती?

पुढे वाचण्याआधी तुमचं उत्तर पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. लिहिलंत? चला तर मग.

सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. साठांपैकी २७ जणांनी तेच सांगितलं. बरोबर उत्तर फक्त ११ जणांना आलं. आणि ते होतं जवळपास २ टक्के! कुठे ९५ आणि कुठे २!

तुमचंही ९५ आलं असेल तर लाजू नका. गणिताच्या वहीतला एक आलेख कागद घ्या. त्यात एक सेंटिमीटरचे मोठे चौकोन असतात आणि प्रत्येकात शंभर बारके चौकोन. असे दहा मोठे चौकोन आखून घ्या. झाले हजार बारके चौकोन. प्रत्येक बारका चौकोन म्हणजे एक माणूस.

आजार हजारात एकाला, म्हणून कुठलाही एक बारका चौकोन लाल रंगवा. हा आपला एकुलता एक आजारी माणूस. उरले ९९९. हे सगळे ठणठणीत. पण तपासणी त्यातल्या ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. म्हणजे दर शंभरात पाच. प्रत्येक मोठ्या चौकोनात पाच बारके चौकोन निळे रंगवा. दहा मोठे चौकोन, म्हणजे निळे झाले ५०. (काटेकोर गणित केलं तर ४९.९५ येतात, पण पॉइंट नऊ पाच माणूस रंगवायचा कसा?)

आता तपासणी झाली. पॉझिटिव्ह कोण कोण? एक लाल आणि पन्नास निळे, एकूण ५१ जण. या ५१ जणांना एका रांगेत उभं करा आणि डोळे मिटून एकाचा हात धरा. तो लाल असण्याची शक्यता किती? ५१ पैकी १. म्हणजे २ टक्क्यांच्या किंचित खाली. बाकीचे पन्नास बिचारे उगाच घाबरलेले!

मग ९५ हा आकडा आला कुठून? नीट बघा हं, कारण सगळी गंमत इथेच आहे. प्रश्नात सांगितलं होतं, 'निरोगी माणसांपैकी ५ टक्के पॉझिटिव्ह येतात.' वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याचं झालं, 'पॉझिटिव्ह येणाऱ्यांपैकी ५ टक्के निरोगी असतात.' शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. मग शंभरातून पाच वजा केले की ९५! पण पहिल्या वाक्यातले टक्के ९९९ माणसांचे आहेत आणि दुसऱ्या वाक्यातले ५१ माणसांचे. ज्या गर्दीतून मोजायचं ती गर्दीच बदलली. गणितात याला 'सशर्त संभाव्यता' म्हणतात. एखादी अट आधी घालायची आणि त्या अटीत बसणाऱ्यांतूनच मोजायचं. अट आणि उत्तर यांची अदलाबदल केली की आकडाही बदलतो. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नीट कसं जायचं, याचं गणित इंग्लंडमधल्या थॉमस बेझ नावाच्या धर्मगुरूने मांडलं. त्याचा निबंध छापून आला १७६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्याचं सूत्र तुम्हाला पुढे कॉलेजात भेटेल. आपलं काम आलेख कागदावर भागतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हार्वर्डच्या त्या प्रश्नातच एक खोट होती. खरा आजारी माणूस तपासणीत सापडतोच का, हे त्यात सांगितलेलंच नव्हतं! आपण गृहीत धरलं की सापडतो. प्रत्यक्षात काही तपासण्यांतून आजारी माणूसही निसटतो, त्यामुळे खऱ्या तपासणीचे नेहमी दोन आकडे विचारावे लागतात. आजाऱ्यांपैकी किती पकडले आणि निरोग्यांपैकी किती उगाच पकडले. 'अमुक टक्के अचूक' असा एकच आकडा कोणी सांगितला, तर तो यातला कुठला, हे विचारा.

मग अशी तपासणी काय कामाची, असं कोणी विचारेल. कामाची आहे! पुन्हा कागदाकडे बघा. जे निगेटिव्ह आले, त्या ९४९ पांढऱ्या चौकोनांत एकही लाल नाही. ते सगळे निश्चिंत घरी गेले. आणि लाल चौकोन शोधायला आता हजार जण धुंडाळायला नकोत, ५१ पुरेत. हजारात एकावरून एक्कावन्नात एकावर आलो, हे काही थोडं नाही. फक्त तिथे थांबायचं नाही.

आता दुसरा कागद घ्या. या वेळी रस्त्यावरची कुठलीही हजार माणसं घ्यायची नाहीत. ज्यांना त्या आजाराची लक्षणं आहेत, म्हणून डॉक्टरांनी तपासायला पाठवलं, अशी हजार घ्यायची. समजा यांच्यात दहात एकाला खरोखर आजार आहे. म्हणजे लाल १००. निरोगी ९००, त्यांचे ५ टक्के निळे, म्हणजे ४५. पॉझिटिव्ह एकूण १४५ आणि त्यातले लाल १००. शक्यता गेली ६९ टक्क्यांवर! तपासणी तीच, चुकाही तेवढ्याच, पण पॉझिटिव्हचा अर्थ बदलला. म्हणून तर डॉक्टर आधी विचारतात, 'काय होतंय? किती दिवस झाले? घरात कोणाला आहे का?' आपल्याला वाटतं वेळ घालवताहेत. खरं तर ते, तुम्ही कुठल्या कागदावरचे चौकोन आहात, ते ठरवत असतात.

आता आमच्या दादाकडे या. तो कुठल्या कागदावर होता? त्याला ना ताप, ना डोळे पिवळे. शिवाय रक्त घेण्याआधी प्रश्न विचारतात आणि ज्यांना आजाराची शंका असेल त्यांचं रक्त घेतच नाहीत. म्हणजे रक्तदात्यांच्या रांगेत लाल चौकोन मुळातच कमी. त्यातून रक्तपेढीची तपासणी जरा जास्तच संशयी ठेवलेली असते. चांगलं रक्त फुकट गेलं तरी चालेल, पण दूषित रक्त रुग्णाला जाऊ नये! तेव्हा अशा रांगेत काही निळे निघायचेच. मी दादाला हाच कागद काढून दाखवला. म्हणालो, "तुला आजार नाहीच, असं मी म्हणत नाही. ते मला कसं कळणार? पण नव्व्याण्णव टक्के आहे असंही तू म्हणू नकोस. पुढची तपासणी कर." त्या दिवशी रात्री तो जेवला, असं काकूंनी सांगितलं.

पुढची तपासणी वेगळ्या पद्धतीची का असावी लागते, तेही समजून घ्या. आपले ५१ जण दुसऱ्या, तशाच पाच टक्के चुकणाऱ्या तपासणीला पाठवले, तर पन्नास निळ्यांतले दोन-तीनच पुन्हा पॉझिटिव्ह येतील. लाल एकटा होता, तो आता तीन-चार जणांच्या रांगेत उभा आहे. पण हे कधी? दुसऱ्या तपासणीच्या चुका पहिलीपेक्षा वेगळ्या असतील तर. एखाद्याच्या रक्तातल्या कुठल्या तरी घटकाने पहिल्या तपासणीला फसवलं असेल, तर तीच तपासणी दहा वेळा केली तरी ती दहाही वेळा फसू शकते. आपल्या देशात एच. आय. व्ही. ची तपासणी करणाऱ्या सरकारी केंद्रांत म्हणूनच एका पॉझिटिव्हवर निदान सांगत नाहीत. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, तरच सांगतात.

दादाचा दुसरा अहवाल आठवड्याने आला. निगेटिव्ह. त्याने आमच्याकडे पेढे आणून दिले आणि तो रंगवलेला आलेख कागद मागून नेला.

आता तुमच्यासाठी कोडं. समजा, एका शहरात दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या १०० जणांची नोंद काढली. त्यातल्या ६० जणांनी हेल्मेट घातलेलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, "बघा! मार लागलेल्यांत हेल्मेटवालेच जास्त. मग हेल्मेट घालायचं कशाला?" हे गृहस्थ कुठे घसरले? आणि त्यांना तुम्ही कुठला एकच आकडा विचाराल? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. कोडं सोडवताना आलेख कागद वापरला असेल, तर तोही सोबत पाकिटातून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.