घरकाम करणाऱ्या बायांचा अर्ज : आधी यादीत नाव, मग किमान वेतन

तेव्हाच्या औरंगाबादच्या मुकुंदवाडीत रामनगर, संजयनगर अशा वस्त्या आहेत. जालना, बीडकडच्या दुष्काळी गावांतून आलेली माणसं तिथं राहतात. कन्नड-सोयगावच्या डोंगरातली आपलीही काही घरं तिथं आहेत. पुरुष चिकलठाण्याच्या कारखान्यात नाही तर नाक्यावर, आणि बाया सकाळी सहालाच निघून सिडकोतल्या बंगल्यांत भांडी-कपडे-फरशी करायला. या बायांच्या संघटनेनं कामगार आयुक्तांना द्यायचा अर्ज लिहिला आणि तो आम्हाला वाचून दाखवला. अर्जात दोन गोष्टी होत्या. किमान वेतनाची अंमलबजावणी करा, आणि आठवड्याची सुट्टी पगारी द्या. मागणी खरी आहे. पण अर्ज तसाच गेला असता तर एका ओळीच्या उत्तरानं परत आला असता. ते का, आणि मग काय बदललं, हे आपल्या गावांतही कळायला हवं, कारण आपल्याच लेकी-सुना तिथं राबताहेत.

2014 साली किमान वेतनाचा कायदा 1948 चा होता. तो सगळ्या कामांना आपोआप लागू होतो असा आपला समज होता. तसं नव्हतं. कायद्याच्या शेवटी एक यादी जोडलेली होती, तिला अनुसूची म्हणत. ज्या कामाचं नाव त्या यादीत असे त्यालाच सरकार दर ठरवून देई, आणि दर ठरला तरच तो कमी दिला म्हणून तक्रार करता येई. शेतमजुरी यादीत होती, म्हणून शेतावरच्या मजुराला निदान कागदावर तरी दर होता. घरकाम मात्र महाराष्ट्राच्या यादीत नव्हतं. तेव्हा 'अंमलबजावणी करा' म्हटलं असतं तर साहेबानं खुशाल लिहिलं असतं, 'सदर रोजगार अनुसूचीत समाविष्ट नाही.' आणि तो खोटं बोलला नसता.

आपल्याला हे नवीन नाही. बापजाद्यापासून जमीन कसतो, सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण कागदावर नाव नाही म्हणून फॉरेस्टवाला अतिक्रमणदार म्हणतो. घरकाम करणारीचंही तसंच. रोज पाच-सहा तास राबते, सगळी सोसायटी तिला ओळखते, पण कायद्याच्या यादीला तिचं काम दिसत नव्हतं.

काही बाया म्हणाल्या, आमच्याकडे कार्ड आहे की, मंडळाचं. महाराष्ट्रानं 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याचं ते ओळखपत्र. 18 ते 60 वयाच्या बायांची त्यात नोंदणी होते. बाळंतपण, मुलांचं शिक्षण, अपघात, अंत्यविधी अशा वेळी मदत द्यायची असं त्यात आहे. नोंदणी करावीच, कारण आपण हे काम करतो याचा तो एक सरकारी कागद आहे. पण तो कायदा मदतीचा आहे, मजुरीचा नाही. घरमालकानं किती पगार द्यावा, किती तास काम घ्यावं, सुट्टी किती द्यावी, हे ते मंडळ ठरवत नाही. कार्ड दाखवून पगार वाढत नाही.

आता एका बाईचा हिशोब बघू. नाव सांगत नाही, कामं जातील. तिच्याकडे चार घरं. दोन घरी भांडी आणि फरशी, एका घरी भांडी-कपडे, एका घरी नुसत्या पोळ्या. चारही घरांचे मिळून महिन्याला 2,900 रुपये. कामाचा वेळ रोजचा साडेपाच तास. एका घरून दुसऱ्या घरी चालत जायचा वेळ यात धरलेला नाही. सुट्टी नाही, म्हणजे महिन्याचे 165 तास झाले. तासाला पडले जेमतेम साडेसतरा रुपये.

आपल्याकडे रोजगार हमीवर 2014 साली 168 रुपये रोज होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 21 रुपये. हा काही घरकामाचा दर नव्हे, फक्त आपल्या ओळखीची मोजायची काठी आहे. या काठीनं मोजलं तर तिच्या 165 तासांचे 3,465 रुपये होतात. म्हणजे माती खोदायच्या मजुरीपेक्षाही तिला महिन्याला 565 रुपये कमी मिळतात.

बायांनी हा हिशोब कधी केला नव्हता, कारण पगार तासावर ठरतच नाही. तो 'कामा'वर ठरतो. भांड्यांचं एक काम, कपड्यांचं एक काम, फरशीचं एक. ठरवताना घरात माणसं चार असतात. मग गावाहून सासू-सासरे येतात, नातू येतो, माणसं सात होतात, भांडी दुप्पट होतात, पण काम एकच आणि पगार तोच. म्हणून नुसता 'पगार वाढवा' हा शब्द पुरत नाही. किमान वेतनाच्या कायद्यात वेळेचा दरही ठरवता येतो आणि कामाचा दरही. अर्जात दोन्ही मागितले पाहिजेत. तासाचा दर, आणि त्यावर बसणारा प्रत्येक कामाचा दर, घरातली माणसं धरून.

पुण्याच्या बायांनी हे पूर्वीच केलं आहे. 1980 साली तिथल्या मोलकरणींनी आपणहून संप केला. पगारवाढ हवी आणि पगारी रजा हवी ही मागणी होती. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे पुण्यातल्या संघटनांनी दरपत्रकच काढलं, कोणत्या कामाला किती, घरात माणसं किती तर किती. कायद्यानं दर दिला नाही तेव्हा त्यांनी आपला दर आपण छापला. पण दरपत्रक मानलं नाही तर कुठल्या कचेरीत दाद मागता येत नव्हती. ती कसर यादीत नाव आल्याशिवाय भरून निघत नव्हती.

आता सुट्टीचं. आमच्या मते पगारापेक्षाही हीच गोष्ट जास्त अडलेली आहे. बाई एक दिवस गेली नाही तर तो 'खाडा' धरतात आणि पगारातून कापतात. वरच्या बाईनं महिन्यात चार दिवस घेतले तर चार घरांचे मिळून सुमारे 387 रुपये जातात. म्हणून ताप अंगात घेऊन ती जाते. ज्या घरात सुट्टी देतात तिथंही गंमत आहे. एक वहिनी म्हणतात, "मावशी, रविवारी पाहुणे असतात, तुम्ही बुधवारी घ्या." दुसरी म्हणते शनिवारी घ्या, तिसरी म्हणते रविवारी. प्रत्येक घर म्हणतं आम्ही सुट्टी देतो, आणि बाई मात्र सातही दिवस घराबाहेर पडते. चार घरांच्या चार सुट्ट्या मिळून एकही सुट्टी होत नाही.

जगातल्या कामगार परिषदेनं 16 जून 2011 ला घरकामगारांसाठी जो ठराव केला, 189 क्रमांकाचा, त्यात हेच नेमकं लिहिलं आहे : आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. भारत सरकारनं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. पण अजून मंजुरी देऊन तो आपल्यावर बांधून घेतलेला नाही. आपल्या 1948 च्या कायद्यातही सात दिवसांत एक दिवस विश्रांती, त्या दिवसाचा पगार, आणि त्या दिवशी काम घेतलं तर जादा दर, असं ठरवायची सोय होती. पण तीही यादीतल्या कामांनाच.

तेव्हा बायांनी अर्ज पुन्हा लिहिला. आता त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, घरकामाचं नाव अनुसूचीत घाला. हा अधिकार राज्य सरकारचा होता, आयुक्तांचा नव्हे. सरकारनं राजपत्रात निदान तीन महिने आधी जाहीर करून नाव घालायचं असे. म्हणून आयुक्तांना म्हटलं आहे की तुम्ही तसा प्रस्ताव सरकारकडे पाठवा आणि पाठवल्याचं आम्हाला लेखी कळवा. हे होत नाही असं नाही. शेजारच्या कर्नाटकानं 2004 सालीच घरकामाला किमान वेतन लावलं. दुसरी, दर ठरवायला जी समिती बसेल तिच्यात कायद्याप्रमाणे मालकांइतकेच कामगारांचे प्रतिनिधी असतात, त्या जागेवर भांडी घासणारी बाई बसली पाहिजे. तिसरी, सगळ्या घरांची सुट्टी एकाच दिवशी, सलग आणि बिनकपातीची.

नाव आलं म्हणजे सगळं झालं असं आम्ही म्हणत नाही. कारखान्यात हजेरीपट असतो, घरात कोण ठेवणार? इन्स्पेक्टर कुणाच्या स्वयंपाकघरात शिरून तपासणी करणार आहे? तक्रार करणारीला दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं जातं. आणि 1948 च्या कायद्यात कमी दिलेल्या मजुरीचा दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असे. उशीर झाला तर उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागे. म्हणून कायदा यायच्या आधीच वही सुरू करायची असं वस्तीत ठरलं आहे. रोज कोणत्या घरी किती वाजता शिरलो, किती वाजता निघालो, घरात माणसं किती, पगार कोणत्या तारखेला किती मिळाला, खाड्याचे किती कापले. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्यायचं. एकीची वही कुणी मानणार नाही, पण एकाच सोसायटीतल्या दहा जणींच्या वह्या जुळल्या तर दर ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवायला तोच पुरावा आहे. वनहक्काच्या दाव्याला आपण म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या गोळा केल्या, तसंच हे.

आता पेरणीला बाया गावी येतील. ज्यांच्या घरच्या बाया शहरात घरकाम करतात त्यांनी त्यांना विचारा, तुझे तास किती, पगार किती, शेवटची सुट्टी कधी घेतली. हिशोब घरात बसून मांडा. आणि परत जाताना त्यांच्या पिशवीत एक कोरी वही घाला. मुकुंदवाडीचा अर्ज कामगार उपायुक्तांच्या औरंगाबादच्या कचेरीमार्फत आयुक्तांना जायचा आहे. देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, एवढं आम्ही त्यांना आपल्या अनुभवावरून सांगितलं आहे.