गर्दी गप्प का राहते?

सेवेच्या पहिल्या दशकात उत्तरेतील एका जिल्ह्यात मी नेमणुकीवर होतो. एका संध्याकाळी महामार्गावर गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण रक्तबंबाळ अवस्थेत रस्त्याच्या कडेला पडला होता आणि चाळीसएक माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी होती. सरकारी गाडी पाहताच कडे फुटले आणि पाच-सहा जणांनी त्याला उचलून माझ्या गाडीत ठेवले. त्यांच्यातील एका शाळामास्तरांना मी जरा रागानेच विचारले, ''आधीच का नाही उचलले?'' ते म्हणाले, ''साहेब, आता जबाबदारी तुमची झाली.''

या उत्तराचे दोन अर्थ आहेत, हे मला फार उशिरा उमगले.

पहिला अर्थ मानसशास्त्राचा. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. 38 साक्षीदार नुसते पाहत राहिले, असे वृत्त तेव्हा छापून आले. तो आकडा अतिरंजित होता, हे पुढे सिद्ध झाले; पण त्यातून एक महत्त्वाचा प्रयोग जन्मला. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या संशोधकांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून चर्चा करायला लावली. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे ऐकणारे केवळ आपणच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी 85 टक्के झटका ओसरण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी मात्र 31 टक्केच उठले. न उठलेले विद्यार्थी निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. जबाबदारी अनेकांत वाटली गेली आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही, एवढेच.

दुसरा अर्थ आपल्या देशाचा आणि आमच्यासारख्या अधिकाऱ्यांचा. 1860 च्या दंडसंहितेने सरकारी सेवकाला साहाय्य न करणे हा, कायद्याने ते बंधनकारक असेल तेथे, गुन्हा ठरवला. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याला पोलीस-न्यायालयाच्या फेऱ्यांपासून संरक्षण देण्याची तरतूद मात्र तिच्यात नव्हती. स्वातंत्र्यानंतरही ही उणीव दीर्घकाळ तशीच राहिली. जखमीला रुग्णालयात नेणारा माणूस पोलिसांच्या लेखी साक्षीदार असे, कधी संशयितही. 'सेव्हलाइफ फाउंडेशन'च्या 2013 च्या पाहणीत 74 टक्के लोकांनी आपण गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमीच असल्याचे सांगितले. त्यांतील 88 टक्क्यांनी पोलीस चौकशी आणि न्यायालयीन फेऱ्यांची धास्ती हे कारण दिले. तो भित्रेपणा नव्हता, अनुभवावरून काढलेला निष्कर्ष होता.

हा दुसरा अडसर कायद्याने दूर केला आहे. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्हेतूने, स्वेच्छेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतील चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. 2020 च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. तो स्वेच्छेने साक्षीदार झाला, तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी, एकाच वेळी घ्यायचा आहे. या हक्कांची सनद प्रत्येक रुग्णालयाने स्थानिक भाषेतही दर्शनी भागात लावायची आहे. अंमलबजावणी तपासायला आयोग नेमण्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी रुग्णालयाच्या दारात उभे राहून ती सनद दिसते का, एवढे पाहावे.

तरीही पहिला अडसर उरतोच. भीती गेली म्हणजे वाटली गेलेली जबाबदारी आपोआप गोळा होत नाही. ती कोणा एकाच्या हाती द्यावी लागते. 'कोणीतरी फोन करा' ही हाक गर्दीत विरून जाते. 'निळा सदरा घातलेले तुम्ही, 112 लावा. काकू, तुम्ही याच्यापाशी बसा' ही हाक विरत नाही, कारण ती ऐकणाऱ्याला आता दुसऱ्या कोणाकडे पाहता येत नाही. वाहन परवान्याच्या चाचणीत आणि महामार्गालगतच्या ढाबेवाल्यांच्या प्रशिक्षणात कलम 134-अ बरोबर ही एक सवयही शिकवली पाहिजे. खर्च जवळजवळ शून्य आहे. मदतकर्त्याला रोख बक्षीस देण्याची केंद्राची योजना चांगली असली, तरी बक्षीस नंतर मिळते. पाऊल मात्र पहिल्या काही मिनिटांतच पडावे लागते.

त्या संध्याकाळचा तरुण वाचला. मास्तरांना मात्र पुढे तीनदा ठाण्यात आणि दोनदा न्यायालयात जावे लागले. त्यांच्या रजा खर्ची पडल्या. मी त्याच जिल्ह्यात होतो, आणि ही प्रक्रियाच आहे असे समजून गप्प राहिलो. त्या दिवशी रस्त्यावरच्या चाळीस जणांवर मी रागावलो होतो. नंतर कार्यालयात बसून मी तेच केले.